नजर किती पुढे ठेवायची? प्युअर परस्यूट आणि लूकअहेड अंतराचा आढावा

नेरुळच्या आमच्या सोसायटीत स्टिल्ट पार्किंग आहे. रविवारी सकाळी निम्म्या गाड्या बाहेर पडल्या की तिथे छोटा रोव्हर पळवण्यापुरती जागा होते. फरशीवर गाड्यांच्या जागा आखणारे पिवळे पट्टे आहेत, दोन पट्ट्यांत अडीच मीटर. या पट्ट्यांना आडवे, सरळ रेषेत जायची आज्ञा रोव्हरला दिलेली होती. तो जात होता खरा, पण डोलत. आधी डावीकडे, मग उजवीकडे, आणि जवळजवळ प्रत्येक पट्ट्यागणिक एक पूर्ण हेलकावा. वॉचमन खुर्चीवरून म्हणाला, "साहेब, हा घेऊन आलाय वाटतं."

पट्टे मोजून पाहिले तेव्हा एका हेलकाव्याची लांबी अडीच-पावणेतीन मीटर भरली. रोव्हरचे लूकअहेड अंतर होते ०.९ मीटर, म्हणजे हेलकावा लूकअहेडच्या साधारण तिप्पट. हे तीनचे गुणोत्तर योगायोगाचे नाही. त्यामागचे कारण समजले की लूकअहेड किती ठेवायचे या प्रश्नाचा निम्मा उलगडा होतो. या विषयावर गेल्या चाळीस वर्षांत काय काय सांगितले गेले आणि त्यातले एका छोट्या, मोटारीसारख्या रोव्हरला काय लागू पडते, ते इथे पाहू.

कल्पना आणि तिचा उगम

नांगर धरणारा माणूस बैलाच्या खुराकडे बघत राहिला तर तास वाकडा जातो. तो पलीकडच्या बांधावरचे एखादे झाड धरतो आणि त्याच्या रोखाने चालतो. प्युअर परस्यूट नेमके हेच करते. आखलेल्या मार्गावर आपल्यापासून ठरावीक अंतरावरचा एक बिंदू निवडायचा आणि त्या बिंदूपर्यंत पोहोचवणारा वर्तुळाचा कंस काढून स्टिअरिंग तितके वळवायचे. पुढच्या क्षणी रोव्हर थोडा सरकलेला असतो, बिंदूही सरकतो, आणि सगळे पुन्हा नव्याने होते. बिंदू कधीच हाती लागत नाही, पाठलाग तेवढा चालू राहतो. नावही त्यावरूनच पडले.

पद्धत कार्नेगी मेलन विद्यापीठातली. १९८५मध्ये वॉलेस आणि सहकाऱ्यांनी रस्ता धरून चालणाऱ्या यंत्राच्या संदर्भात ती मांडली, आणि १९९०मध्ये ओमीद अमिदी यांनी तिची इतर पद्धतींशी तुलना केली. आज बहुतेक जण ज्याचा आधार घेतात तो क्रेग कूल्टर यांचा छोटा अहवाल जानेवारी १९९२चा आहे. मोटारीसारख्या वाहनावर ही पद्धत बसवायची कशी, हे त्यात पायरीपायरीने सांगितले आहे: आपण कुठे आहोत ते ठरवा, मार्गावरचा सगळ्यात जवळचा बिंदू शोधा, तिथून पुढे लूकअहेड अंतरावरचा लक्ष्यबिंदू घ्या, तो वाहनाच्या चौकटीत बदला, वक्रता काढा, स्टिअरिंगला सांगा.

मोटारीसारखे वाहन म्हणजे पुढची चाके वळणारे, जागच्या जागी फिरू न शकणारे. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची गफलत बहुतेक इथेच होते. पवईच्या आयआयटीत वाढलेल्या फायरबर्डसारख्या शैक्षणिक रोबोंना दोन स्वतंत्र चाके असतात. एक पुढे, एक मागे फिरवले की रोबो जागेवर गर्रकन वळतो. मोटारीला ती सोय नाही. माझ्या रोव्हरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर, ०.३३ मीटर आहे, आणि पुढची चाके जास्तीत जास्त २४ अंश वळतात. त्यामुळे तो ०.७४ मीटरपेक्षा लहान त्रिज्येचे वळण घेऊच शकत नाही. लूकअहेड निवडताना हा आकडा पुढे कामाला येईल.

सगळे गणित एवढेच आहे:

```python
import math

def steer(x, y, yaw, gx, gy, wheelbase):
    dx, dy = gx - x, gy - y
    lat = -math.sin(yaw)*dx + math.cos(yaw)*dy
    ld2 = dx*dx + dy*dy
    return math.atan(wheelbase * 2*lat / ld2)
```

`x, y` ही मागच्या ॲक्सलच्या मध्याची जागा आहे, लायडार जिथे बसवला तिथली नव्हे. `lat` म्हणजे लक्ष्यबिंदू आपल्या रोखापासून किती बाजूला आहे ते अंतर. बाजूचे अंतर दुप्पट करून लूकअहेडच्या वर्गाने भागले की वक्रता मिळते, आणि व्हीलबेस धरून तिचा स्टिअरिंगचा कोन होतो. लूकअहेडचा वर्ग छेदात आहे, हे लक्षात असू द्या.

लहान लूकअहेड का डोलवते

कूल्टर यांनी लूकअहेडची तुलना दमनाशी केली होती. अंतर लहान असेल तर वाहन मार्गावर झपाट्याने येते पण डोलते, मोठे असेल तर शांतपणे पण उशिरा येते. अनुभवाला हे पटते. पण सरळ रेषेवर, लहान कोनांसाठी समीकरण मांडून पाहिले तर एक गंमत दिसते. स्टिअरिंग तत्काळ वळते आणि जागा अचूक कळते असे धरले, तर दमनाचे गुणोत्तर लूकअहेड काहीही असो ०.७०७च येते. लूकअहेड बदलल्याने मार्गावर परतायला लागणारी लांबी फक्त कमीजास्त होते, डोलणे नाही. कागदावरचा रोव्हर अर्धा फूट पुढे बघूनही डोलणार नाही.

मग पार्किंगमधला का डोलतो? कारण त्याला सगळे उशिरा कळते आणि तो उशिरा वळतो. लायडार सेकंदाला दहा वेळा फिरतो, त्यातून जागा काढायला वेळ लागतो, नियंत्रक आपल्या ठोक्यावर जागा होतो, सर्व्हो मोटर चाके वळवायला वेळ घेते. रोव्हर जी चूक सुधारतो आहे ती पाव सेकंदापूर्वीची असते. तोवर तो पुढे गेलेला असतो. ओलेरो आणि हेरेडिया यांनी १९९५मध्ये नेमका हाच मुद्दा धरला: स्थिरतेची सीमा विलंब, वेग आणि लूकअहेड हे तिन्ही मिळून ठरवतात.

ती सीमा साध्या गणितानेही काढता येते. विलंबाच्या काळात रोव्हर जेवढे अंतर कापतो त्याला आपण विलंब-अंतर म्हणू, म्हणजे वेग गुणिले विलंब. सगळा उशीर निव्वळ विलंब आहे असे धरले तर लूकअहेड विलंब-अंतराच्या साधारण १.९ पट झाले की हेलकावे कधीच विरत नाहीत, आणि त्याहून कमी झाले तर वाढत जातात. या सीमेवर एका हेलकाव्याची लांबी लूकअहेडच्या २.८६ पट निघते. पिवळ्या पट्ट्यांनी दाखवलेले तीनचे गुणोत्तर ते हेच.

सर्व्होचा उशीर खरे तर निव्वळ विलंब नसतो, चाके हळूहळू पोहोचतात. तसे धरले तर अट बरीच सैल होते: लूकअहेड वेग आणि सर्व्होच्या कालस्थिरांकाच्या गुणाकारापेक्षा जास्त असले की पुरे. पण सगळ्याला निव्वळ विलंब मानणे सुरक्षित बाजूचे आहे. सीमेवर गाडी चालवायची नसते, म्हणून व्यवहारात विलंब-अंतराच्या चार ते पाच पट लूकअहेड ठेवावे. तिप्पट ठेवले तर डोलणे डोळ्याला दिसते. चौपटीला एखादा हेलकावा येऊन विरतो. पाचपटीला रोव्हर निवांत चालतो.

विलंब मोजणे अवघड नाही, पण ते दोन भागांत करावे लागते. पहिला भाग आज्ञेपासून वळण्यापर्यंतचा. रोव्हर सरळ चालवत अचानक स्टिअरिंगची आज्ञा द्यायची आणि जायरोवरचा वळण्याचा दर कधी उसळतो ते पाहायचे. दुसरा भाग जागा कळायला लागणारा उशीर. रोव्हरला सापासारखा फिरवायचा, लायडारवरून काढलेला रोख आणि जायरोवरून काढलेला रोख एकाच आलेखावर ठेवायचे, आणि एक रेघ दुसरीवर बसेपर्यंत सरकवायची. किती सरकवावी लागली तो विलंब. माझ्या रोव्हरचे हे दोन भाग ११० आणि १४० मिलिसेकंद आले, एकूण पाव सेकंद. फक्त पहिला भाग मोजून थांबणारे बरेच असतात. पुढे सगळे आकडे चुकतात ते त्यामुळेच.

आता डोलण्याचा हिशेब लागतो. वेग सेकंदाला १.५ मीटर, विलंब ०.२५ सेकंद, म्हणून विलंब-अंतर ०.३७५ मीटर. त्याच्या तुलनेत ०.९ मीटर लूकअहेड म्हणजे २.४ पट, सीमेच्या अगदी कडेला. पण मी ०.९ ठेवले होतेच कुठे? वेगानुसार लूकअहेड वाढावे अशी सोय मी चालू केली होती. रोव्हर आरओएसच्या नॅव्ह२ संचावर चालतो, आणि त्यातल्या नियंत्रकात `lookahead_time` मुळात १.५ सेकंद असते. त्या हिशेबाने सव्वादोन मीटर मिळायला हवे होते. मात्र त्याच यादीत `max_lookahead_dist` मुळात ०.९ मीटर आहे. तो आकडा घरात, सेकंदाला अर्धा मीटर चालणाऱ्या रोबोला शोभणारा. मी तो बदललाच नव्हता, आणि लूकअहेड मुकाट्याने ०.९वर अडकून राहिले होते.

मोठे लूकअहेड का कोपरा खाते

मग सरळ तीन मीटर का ठेवू नये? सरळ रेषेवर खुशाल ठेवावे. अडचण वळणावर येते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. प्युअर परस्यूट वळणावर आत कापते असे सरसकट म्हटले जाते. एकसारख्या वर्तुळावर रोव्हर एकदा स्थिरावला तर तसे होत नाही. वर्तुळावरून वर्तुळावरच्याच बिंदूकडे जाणारा कंस म्हणजे तेच वर्तुळ. चूक होते ती वक्रता बदलते तिथे, सरळ रस्ता संपून वळण सुरू होताना. रोव्हरची नजर वळणावर आधी पोहोचते आणि तो वेळेआधी वळू लागतो. सरळ रस्त्यावरून `R` त्रिज्येच्या वळणात शिरताना तो साधारण `ld²/(10R)` इतका आत जातो.

पाम बीच मार्गासारख्या रस्त्यावर हे जाणवतसुद्धा नाही, कारण तिथली वळणे मोठी आणि हळुवार आहेत. एखाद्या बागेतला चालण्याचा मार्ग १० मीटर त्रिज्येने वळत असेल, तर २ मीटर लूकअहेडला ४ सेंटिमीटर आत, ३ मीटरला ९ सेंटिमीटर. चालून जाते. पण नवी मुंबई सेक्टरांची बनलेली आहे, आणि सेक्टरांतल्या इमारती, आवारे, पार्किंग सगळे काटकोनांचे. स्टिल्टमधला मार्ग आखला की तो दोन सरळ रेषा आणि मध्ये एक टोकदार कोपरा असाच येतो.

काटकोनी कोपऱ्याचा हिशेब वेगळा आहे. विलंब नाही असे धरून हा पाठलाग पावलापावलाने सोडवला तर तीन गोष्टी मिळतात. रोव्हर कोपऱ्याच्या टोकाजवळून सगळ्यात जवळ जातो ते लूकअहेडच्या ०.३९ पट अंतरावरून. मार्गापासूनचे सर्वाधिक विचलन ०.२७ पट असते. आणि वाटेतले सर्वात घट्ट वळण ०.९३ पट त्रिज्येचे असते. तिन्ही लूकअहेडच्याच पटीत, वेगाचा संबंध नाही.

शेवटचा आकडा मोटारीसारख्या रोव्हरला विशेष महत्त्वाचा. माझा रोव्हर ०.७४ मीटरपेक्षा घट्ट वळू शकत नाही, म्हणून अशा कोपऱ्यावर लूकअहेड ०.८ मीटरपेक्षा कमी ठेवण्यात अर्थ नाही. तसे केले तर चाके टोकाला जाऊन अडकतात, रोव्हर कोपऱ्याबाहेर फेकला जातो आणि पुढच्या रेषेवर परत येताना डोलतो. विलंब शून्य असता तरी हे टळले नसते.

एका खांबाचा हिशेब

आता दोन्ही टोके एकत्र आणू. पार्किंगमधल्या त्या कोपऱ्यावर आतल्या बाजूला आरसीसीचा खांब आहे. त्याची कड आखलेल्या दोन्ही रेषांपासून अर्धा-अर्धा मीटर, म्हणजे कोपऱ्याच्या टोकापासून तिरके ०.७१ मीटर. रोव्हर ३० सेंटिमीटर रुंद आहे, मागच्या ॲक्सलच्या मध्यापासून आत १५ सेंटिमीटर. वळताना आत सगळ्यात जास्त झुकते ते मोटारीचे मागचे आतले चाक, त्यामुळे मागच्या ॲक्सलवरून मोजणे बरोबरच आहे. बस वळताना मागचे चाक फुटपाथवर चढते ते याच कारणाने. शिवाय १० सेंटिमीटर राखीव ठेवले तर कोपऱ्यापासूनचे अंतर जास्तीत जास्त ०.४६ मीटर चालेल, आणि ०.३९ने भागले की लूकअहेडची वरची मर्यादा सुमारे १.१८ मीटर निघते.

खालची मर्यादा: सेकंदाला १.५ मीटर वेगाने चौपट विलंब-अंतर म्हणजे १.५ मीटर. दीड मीटर हवे आणि १.१८पेक्षा जास्त नको, दोन्ही एकाच वेळी शक्य नाही. दीड मीटर ठेवलेच तर रोव्हर कोपऱ्यापासून ०.५८ मीटरवरून जाईल. खांबापर्यंत उरतात १३ सेंटिमीटर, आणि त्याला हवेत १५. मागचे चाक खांबाला घासणार.

माझ्या मते या प्रश्नातली खरी गोष्ट हीच आहे. लूकअहेड हे मनाला येईल तसे फिरवायचे बटण नाही. खालून विलंब आणि वेग त्याला ढकलतात, वरून कोपरा आणि जागा दाबतात. मध्ये फट उरली तर त्यात कुठेही ठेवा, फारसा फरक पडत नाही. फट उरली नाही तर लूकअहेड फिरवत बसण्यात तास जातील आणि हाती काही लागणार नाही. तेव्हा वेग कमी करावा लागतो, विलंब कमी करावा लागतो किंवा मार्ग बदलावा लागतो.

मी वेग कमी केला. कोपऱ्याशी सेकंदाला १ मीटर धरला तर विलंब-अंतर ०.२५ मीटर, चौपट १ मीटर. आता १ ते १.१८ अशी फट मिळाली. मी १.१ घेतले. रोव्हर कोपऱ्यापासून ०.४३ मीटरवरून जातो, आणि खांब व चाकात १३ सेंटिमीटर राहतात. प्रत्यक्षात विलंबामुळे तो थोडा उशिरा वळतो, म्हणून आत थोडा कमी जातो आणि कोपरा ओलांडल्यावर पलीकडे थोडा बाहेर झुकतो. आतल्या खांबाला हे सोयीचे, पण बाहेर भिंत असेल तर तीही मोजावी लागेल.

सरळ भागात वेग पुन्हा १.५. `lookahead_time` १.१ सेकंद ठेवले की तिथे लूकअहेड आपोआप १.६५ मीटर होते आणि कोपऱ्याशी १.१. `max_lookahead_dist` १.७, `min_lookahead_dist` ०.८. मात्र वेग कोपऱ्यावर पोहोचल्यावर कमी करून चालत नाही, नजर कोपऱ्याला टेकण्याआधीच तो उतरलेला हवा. सेकंदाला १ मीटर या दराने वेग उतरवायला ०.६३ मीटर लागतात आणि १.१ मीटरवर वळणे सुरू होते. दोन्ही मिळून पावणेदोन मीटर, म्हणून मी कोपऱ्याच्या २ मीटर आधीपासून मार्गातच कमी वेग लिहून ठेवला.

हे काम नियंत्रकानेच करावे म्हणून नॅव्ह२मध्ये 'रेग्युलेटेड' प्युअर परस्यूट आले. घट्ट कंस दिसला की ते वेग उतरवते. किती घट्ट म्हणजे घट्ट, हे `regulated_linear_scaling_min_radius` ठरवते, आणि त्याचे मूळ मूल्य ०.९ मीटर आहे. लूकअहेड १.१ मीटर असताना काटकोनावरचा सर्वात घट्ट कंस १.०२ मीटरचा असतो. तो ०.९च्या खाली जातच नाही, त्यामुळे सोय चालू असूनही रोव्हर वेग कमी करत नाही. लूकअहेड वाढवले की हा आकडाही वाढवावा लागतो.

डोलत नाही, पण बाजूने चालतो

दुसरी तक्रार वेगळी असते. रोव्हर शांत चालतो, पण रेषेपासून कायम काही सेंटिमीटर बाजूला. इथे सूत्राच्या छेदातला तो वर्ग उपयोगी पडतो, कारण दोष कशाचा आहे ते लूकअहेड बदलूनच ओळखता येते.

सर्व्होचा मध्य एक अंश चुकीचा बसला आहे असे समजा. रोव्हरला सरळ जायला उलट दिशेला एक अंश मागावा लागेल, आणि तेवढे मागायला तो रेषेपासून बाजूला असायलाच हवा. माझ्या व्हीलबेसला हे अंतर १ मीटर लूकअहेडवर २.६ सेंटिमीटर आणि २ मीटरवर १०.६ सेंटिमीटर येते. लूकअहेड दुप्पट, सरक चौपट.

लायडार त्याच्या बैठकीत किंचित तिरका बसला असेल तर रोख कायम चुकीचा कळतो. तीन अंशांचा फरक १.१ मीटर लूकअहेडवर सुमारे ६ सेंटिमीटर सरक देतो, पण इथे लूकअहेड दुप्पट केले तर सरकही दुप्पटच होते. उघड्यावर जीपीएससोबत कंपास वापरणाऱ्यांना लोखंडी कठड्याशेजारी हाच त्रास होतो. आणि नकाशाच किंवा जीपीएसचे स्थानकच सरकलेले असेल, तर लूकअहेड काहीही करा, सरक तेवढीच राहते.

तेव्हा एकच सरळ रेषा दोनदा चालवायची, एकदा १ मीटरने, एकदा २ मीटरने, आणि खडूने खुणा करायच्या. चौपट वाढले तर सर्व्होचा मध्य लावा. दुप्पट वाढले तर सेन्सरचा रोख तपासा. काहीच बदलले नाही तर नकाशा पाहा. अर्थात रोव्हर डोलत असताना ही चाचणी करू नये, आधी डोलणे थांबवावे.

तिसरा दोष गणिताचा नाही, शोधण्याचा आहे. पार्किंगमध्ये जाण्याची आणि येण्याची ओळ एकमेकींना लागून असते. सगळ्यात जवळचा बिंदू संपूर्ण मार्गात शोधला तर तो अचानक शेजारच्या ओळीवर उडी मारतो आणि रोव्हर मध्येच परत फिरतो. मागच्या वेळी सापडलेल्या बिंदूपासून पुढच्या काही मीटरांतच शोध घ्यावा. तसेच रोव्हर मार्गापासून लूकअहेडपेक्षा दूर गेला तर त्या अंतरावर मार्गाचा बिंदूच नसतो. अशा वेळी जवळच्या बिंदूकडे वळायचे की थांबायचे, ते आधी ठरवून ठेवलेले असावे.

इतरांनी काय निवडले

लूकअहेड अंतरात न मोजता काळात मोजावे, हा आज जवळपास सर्वमान्य झालेला मार्ग आहे. त्याचे कारण वर आलेच: खालची मर्यादा वेगाच्या पटीत वाढते. २००७च्या नोव्हेंबरातल्या डार्पा अर्बन चॅलेंजमध्ये एमआयटीच्या गाडीने वेगाप्रमाणे बदलणाऱ्या लूकअहेडचे प्युअर परस्यूटच वापरले. विमानांसाठी पार्क, डाइस्ट आणि हाऊ यांनी २००४मध्ये मांडलेले एल१ मार्गदर्शन याच घराण्यातले. आर्डूपायलटमध्ये ते `NAVL1_PERIOD` या नावाने सेकंदांत लावतात, आणि आत त्याचे अंतर वेगाने गुणूनच निघते.

निराळी वाट स्टॅनफर्डच्या स्टॅनलीने दाखवली. ८ ऑक्टोबर २००५ रोजी वाळवंटातली शर्यत जिंकलेल्या त्या गाडीत लूकअहेडच नव्हते. पुढच्या ॲक्सलजवळचे विचलन आणि मार्गाच्या रोखाशी असलेला कोन यांवरून ती थेट स्टिअरिंग ठरवत असे. कोपरा आधी दिसतच नाही म्हणून ती आत कापत नाही. पण त्यासाठी मार्ग गुळगुळीत असावा लागतो. २००९मध्ये जॅरॉड स्नायडर यांनी या पद्धती एकमेकींशेजारी ठेवल्या, तेव्हा हाच फरक दिसला: प्युअर परस्यूट तुटक, टोकदार मार्गही सोसते, मात्र वेग वाढला की अचूकता गमावते.

सेक्टरातल्या टोकदार कोपऱ्यांसाठी मी अजून प्युअर परस्यूटवरच आहे. वेग सेकंदाला तीन-चार मीटरपलीकडे गेला, चाके घसरू लागली किंवा पावसात पेव्हर ब्लॉक ओले झाले, की कंसाची भूमितीच खोटी ठरते. मागितलेले वळण आणि मिळालेले वळण एक राहत नाही. तिथे वाहनाची गती आगाऊ मोजणारी पद्धत लागते, आणि त्या पद्धतीलाही विलंबाचा आकडा आधी माहीत असावाच लागतो.

पुढच्या रविवारी पुन्हा पट्ट्यांवर रोव्हर सोडला. सरळ भागात १.६५ मीटर, खांबाशी १.१. पिवळ्या पट्ट्यांवर खडूने काढलेल्या मधल्या रेघेपासून तो दोन-तीन सेंटिमीटर डावीकडून गेला, सगळीकडे तितकाच. डोलणे गेले होते, आता नकाशा तपासायचा राहिला होता.